प्रकल्प नोंदी: योनाची साखळी आणि एक ‘वाव’

2 जून

पुस्तक ठरलं: हिब्रू बायबलमधलं योना. चार अध्याय, 48 वचनं. मूळ हिब्रूवरून बोलक्या मराठीत आणायचं, मोठ्याने वाचता येईल असं. समोरच्या इमारतीतले बेने इस्राएल काका ऐकणार आणि चुका काढणार. योम किप्पूरला, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत हे पुस्तक वाचतात, त्यामुळे त्यांना ते जवळजवळ पाठ आहे. व्याकरणाचं नाव काढलं की मात्र ते म्हणतात, “ते तुझं तू बघ. मला फक्त कानाला बरं लागतं की नाही तेवढं कळतं.”

5 जून

सुरुवातीलाच पाय घसरला. मी आधी आधुनिक हिब्रू शिकले, आणि तिथे ‘येरेद’ म्हणजे ‘तो उतरेल’. धातूच्या आधी ‘य’ लागला की भविष्यकाळ, हे डोक्यात पक्कं. तिसऱ्या वचनात आलं ‘वय्येरेद याफो’. ‘व’ म्हणजे ‘आणि’, म्हणून पहिल्या मसुद्यात मी सरळ लिहिलं: “आणि तो याफोला उतरेल.” पुढचं क्रियापद तसंच, त्याच्या पुढचंही. योना सगळा प्रवास भविष्यकाळात करून मोकळा झाला.

खरा अर्थ ‘उतरला’. हिब्रूत ‘आणि’ला वेगळा शब्द नाही. ‘वाव’ हे अक्षर पुढच्या शब्दाला चिकटतं. कथेत ते एका खास पद्धतीने चिकटतं: ‘व’वर अ-स्वर आणि पुढच्या व्यंजनाचं द्वित्त, म्हणजे ‘वय्य-’. असं रूप घडलेली गोष्ट सांगतं, आणि शिवाय ‘त्यानंतर’ हेही सांगतं. व्याकरणात याला वय्यिक्तोल म्हणतात. (नमुन्याचा धातू क-त-ल, म्हणजे ठार मारणे. शांत बसून रूपं पाठ करायला हाच धातू का निवडला असेल, असं प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं. त्यात त्रास देणारं, गळून पडणारं अक्षर नाही, एवढंच कारण.)

परंपरेत या वावचं नाव ‘वाव हाहिपुख’, उलटवणारा वाव. तो लागला की भविष्याचा भूत होतो, असा नियम शिकवतात. परीक्षेपुरता तो चालतो. पण एक अक्षर लागून काळ कसा काय उलटेल, हा प्रश्न मनातून जाईना.

7 जून

उत्तर मिळालं, आणि नियमापेक्षा ते बरंच सोपं आहे. वाव काहीच उलटवत नाही.

फार जुन्या काळी सेमिटिक भाषांत ‘य’ने सुरू होणारी दोन रूपं होती. एक आखूड, ‘यक्तुल’, आणि एक लांब, ‘यक्तुलु’. आखूड रूप घडून गेलेल्या गोष्टीसाठी आणि ‘असं होवो’ या इच्छेसाठी वापरत. लांब रूप चालू किंवा पुढच्या गोष्टीसाठी. कालांतराने हिब्रूत शेवटचे ऱ्हस्व स्वर गळाले आणि बहुतेक धातूंत दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. भूतकाळ सांगणारं आखूड रूप एकटं वापरात जवळपास राहिलं नाही. ‘वय्य-’च्या आडोशाला तेवढं टिकलं. म्हणजे ‘वय्येरेद’ हे भविष्याचं उलटवलेलं रूप नसून जुन्या भूतकाळाचं जपलेलं रूप आहे.

हा नुसता तर्क नाही, काही धातूंत फरक आजही दिसतो. ‘याकूम’ म्हणजे उठेल, ‘याकोम’ म्हणजे उठो, आणि ‘वय्याकोम’ म्हणजे उठला. कथेतलं रूप ‘याकूम’शी नाही, ‘याकोम’शी जुळतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं वाक्य तर सगळ्यांना माहीत असतं: ‘येही ओर, वायेही ओर’. उजेड होवो, आणि उजेड झाला. दोन्हीकडे तेच आखूड ‘येही’. लांब रूप असतं तर ‘यिहये’ झालं असतं. मवाबच्या मेशा राजाचा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला शिलालेख 1868 मध्ये दीबानला सापडला. त्यातही ‘मी केलं’ हे क्रियापद वाव लावून, शेवटचं अक्षर नसलेल्या आखूड रूपातच कोरलेलं आहे. भाषा शेजारची, युक्ती तीच.

मला हे पटायला मराठीचीच मदत झाली. ‘तुका म्हणे’ म्हणजे तुका म्हणतो. ‘आजी म्हणे’ म्हणजे आजी म्हणत असे. रूप एकच आहे. जुन्या मराठीत तो वर्तमानकाळ होता. पुढे ‘म्हणतो’ आलं आणि ‘म्हणे’ सवयीच्या भूतकाळाकडे सरकलं. अभंग ऐकताना कोणी विचारत नाही की वर्तमानाचा भूत कोणी उलटवला. हिब्रूच्या ‘य’कडेही तसंच बघायचं. त्यावर काळाची पाटी लावली की फसलो.

11 जून

आज लाज वाटावी अशी चूक. स्वरचिन्हं नसलेल्या छापील प्रतीवरून काम करत होते, हात बसावा म्हणून. पहिल्या अध्यायाच्या 12व्या वचनात योना खलाशांना सांगतो, मला उचला आणि समुद्रात लोटा. पुढे पाच अक्षरं: वाव, योद, शीन, ताव, कोफ. मी ते ‘वय्यिश्तोक’ वाचलं आणि लिहिलं: “मला समुद्रात लोटा आणि समुद्र शांत झाला.”

काका हसले. “अगं, अजून त्याला टाकला कुठे? वेयिश्तोक आहे ते.”

त्यांच्या कानाला जे लगेच कळलं ते कागदावर दिसतच नव्हतं. ‘वेयिश्तोक’मध्ये वाव साधा आहे, ‘वे’, आणि पुढे द्वित्त नाही. अर्थ: ‘म्हणजे तो शांत होईल’. ‘वय्यिश्तोक’ असतं तर ‘तो शांत झाला’. फरक एका स्वराचा आणि योदच्या पोटातल्या एका ठिपक्याचा. स्वर आणि ठिपके हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या मासोरा पंडितांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात घातले. त्याआधीच्या वाचकाकडे संदर्भ आणि कानावर पडलेली परंपरा एवढंच होतं.

ओळखायचं कसं, हे स्वतःसाठी लिहून ठेवते. बोलणारा माणूस आज्ञा करत असेल आणि आज्ञेनंतर लगेच ‘व-य’ आला, तर पहिला संशय ‘म्हणजे’ किंवा ‘म्हणून’चा घ्यायचा. निवेदक बोलत असेल तर ‘मग झालं’चा. मग ठिपका तपासायचा. ठिपका नाही म्हणून वय्यिक्तोल नाही, असं मात्र नाही: ‘वायेही’त ठिपका गळतो, ‘व’वरचा अ-स्वर तेवढा राहतो. म्हणून शेवटचा निवाडा वावच्या स्वराचा.

12वं वचन आता असं: “मला उचला आणि समुद्रात लोटून द्या, म्हणजे समुद्र तुमच्यावर उसळायचा थांबेल.”

14 जून

तीन ते पाच ही वचनं घेतली. पूर्ण पुस्तकाचा प्रश्न या तिन्हींत आहे. शब्दन्‌शब्द व्याकरणखुणा लावलेली खुली फाइल उतरवून घेतली आहे. तिच्यात क्रियापदाच्या खुणेतलं `w` म्हणजे वय्यिक्तोल आणि `p` म्हणजे साधं पूर्ण रूप, कातल. सगळी वय्यिक्तोल अशी सापडतात:

```
grep -o 'morph="HC/V.w[^"]*"' Jonah.xml
```

कृदंतं आणि धातुसाधितं बाजूला ठेवून या तीन वचनांची मांडणी हाताने केली:

```
वचन 3   w w w w w
वचन 4   p w p
वचन 5   w w w p w w
```

अकरा दुवे, तीन तुटी. भिंतीवर लावावं असं चित्र आहे. तिसऱ्या वचनात योना एकटा, सुटलेला: उठला, उतरला, सापडलं, दिलं, उतरला. कुठे श्वास नाही. चौथ्याच्या तोंडाशी साखळी तुटते, कारण कर्ता क्रियापदाच्या आधी येऊन बसतो: ‘वादोनाय हेतील’, परमेश्वराने लोटला. वाव आहे, पण तो क्रियापदाला नसून नावाला चिकटला आहे. मध्ये काहीही शिरलं की वय्यिक्तोल होऊच शकत नाही. क्रियापद आपोआप कातल रूपात जातं. त्यामुळे हिब्रू वाचताना काळ शोधण्यापेक्षा ‘वाव कोणाला चिकटला?’ हे आधी बघितलेलं बरं.

15 जून

पहिला मसुदा वाचून दाखवला. प्रत्येक वावला ‘आणि’ लावला होता. “आणि योना उठला आणि तो याफोला उतरला आणि त्याला जहाज सापडलं आणि त्याने भाडं दिलं आणि तो…” काकांनी तिसऱ्या ‘आणि’ला चहा मागितला.

हिब्रूत हा वाव ऐकू येतो पण जड होत नाही, तो क्रियापदाचाच भाग असतो. मराठी ‘आणि’ स्वतंत्र शब्द आहे, आणि दोन-तीनदा आला की ऐकणाऱ्याला वाटतं, सांगणाऱ्याला आठवत नाहीये.

मग दुसऱ्या टोकाला गेले. आपल्याकडे ‘-ऊन’ आहे. साखळीसाठी याहून सोयीचं काय? “योना उठून, याफोला उतरून, जहाज शोधून, भाडं देऊन त्यात बसला.” मुद्दा आटोपशीर झाला आणि गोष्ट मेली. ‘-ऊन’ आधीच्या सगळ्या क्रिया शेवटच्या क्रियेच्या दाराशी उभ्या करतो. हिब्रूत पाचही क्रिया सारख्या वजनाच्या आहेत. शिवाय ‘-ऊन’ला सहसा एकच कर्ता लागतो. पाचव्या वचनात खलाशी आणि योना एका वाक्यात बांधायला गेलं की गाडी रुळावरून उतरते.

फायदाही आहे, तो नोंदवते. मराठीत ‘तो उतरला’ पण ‘त्याने दिलं’. साखळीत अकर्मक आणि सकर्मक क्रियापदं आलटून पालटून आली की तो-त्याने-तो-त्याने अशी ठेच लागत राहते. हिब्रूत कर्ता क्रियापदातच असतो, ही ठेच नाही. ‘भाडं भरून तो उतरला’ म्हटलं की मधलं ‘त्याने’ निघून जातं. तेव्हा ‘-ऊन’ वापरायचा, पण जिथे छोटी क्रिया मोठीची तयारी असेल तिथेच. भाडं भरणं ही जहाजात शिरायची तयारी आहे. याफोला उतरणं ही तयारी नाही, तो निर्णय आहे. त्याला पूर्ण क्रियापद हवं.

18 जून

‘उतरला’वर दिवस गेला. मराठीत माणूस जहाजात चढतो. हिब्रूत योना याफोला उतरतो, जहाजात उतरतो, आणि पाचव्या वचनात तळाला उतरतो. तिन्ही ठिकाणी धातू तोच. एकदा ‘चढला’ लिहिलं की ही घसरण मोडते. ‘जहाजात उतरला’ वाचताना किंचित खटकतं, पण होडीत वरून उतरतातच. ठेवलं.

बदल्यात मराठीने एक दान दिलं. चौथ्या वचनात जहाजासाठी जे क्रियापद आहे त्याचा नेहमीचा अर्थ ‘विचार करणे, योजणे’. जहाजाने फुटायचं योजलं! हे कसं आणायचं म्हणून डोकं धरून बसले होते, आणि तोंडून सहज आलं: जहाज फुटायच्या बेतात आलं. बेत म्हणजेच योजना. इतकं नेमकं पुन्हा काही मिळेल असं वाटत नाही.

(खलाशांना हिब्रूत ‘मल्लाहीम’ म्हणतात. अरबीतून उत्तरेकडे आलेला ‘मल्लाह’ त्याच कुळातला. आमचा ‘खलाशी’ही अरबीचाच, पण त्या कुळातला नव्हे.)

21 जून

पाचव्या वचनातली तूट. खलाशी घाबरले, ओरडले, सामान लोटलं, तीन दुवे. मग ‘वेयोना याराद’. वाव योनाच्या नावाला, क्रियापद कातल. आणि लगेच पुन्हा दोन वय्यिक्तोल: ‘वय्यिश्काव वय्येरादम’, आडवा झाला, गाढ झोपला.

साखळी सरळ वाचली तर वादळ सुरू झाल्यावर, सामान फेकून झाल्यावर योना खाली जाऊन झोपतो. विचित्र आहे. कर्ता पुढे आणून निवेदक सांगतोय की कॅमेरा आता दुसरीकडे आहे, आणि तिथलं घड्याळ मागे आहे. हिब्रूत ‘गेला होता’साठी वेगळं रूप नाही, साखळी तोडणं हाच एक मार्ग. मराठीत रूप आहे, तेव्हा वापरायचं: उतरला होता.

आता पुढच्या दोन वय्यिक्तोलांचं काय? फाइलमधली खूण त्यांना नेहमीचं `w` म्हणते, कारण खूण फक्त रूप बघते. पण ते मागे गेलेल्या घड्याळातूनच पुढे चालतात. मुख्य गोष्टीत परत येत नाहीत. परत येतं ते सहाव्या वचनात, मुख्य खलाशी त्याच्याजवळ येतो तेव्हा. म्हणून वय्यिक्तोल दिसलं की डोळे मिटून साधा भूतकाळ, हेही चुकतं. साखळी ज्या खुंटीला अडकवली त्या खुंटीचा काळ ती घेते.

प्रत्येक क्रियापदाला ‘होता’ लावून पाहिलं: उतरला होता, आडवा झाला होता, झोपला होता. पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाटतं. पहिल्याला आणि शेवटच्याला ठेवला, मधल्याचा ‘-ऊन’ केला.

3 ते 5, आजचं रूप:

“योना उठला तो तार्शीशला पळून जायला, परमेश्वराच्या समोरून. तो याफोला उतरला. तिथे त्याला तार्शीशला जाणारं जहाज मिळालं. भाडं भरून तो जहाजात उतरला, त्या लोकांबरोबर तार्शीशला जायला, परमेश्वराच्या समोरून दूर.

इकडे परमेश्वराने समुद्रावर मोठा वारा लोटला. समुद्रात मोठं वादळ उठलं. जहाज फुटायच्या बेतात आलं. खलाशी घाबरले. जो तो आपापल्या देवाचा धावा करू लागला. भार हलका व्हावा म्हणून त्यांनी जहाजातलं सामान समुद्रात लोटलं. योना मात्र केव्हाच जहाजाच्या तळाला उतरला होता. तिथे आडवा होऊन तो गाढ झोपला होता.”

‘इकडे’ आणि ‘मात्र’ हे दोन शब्द हिब्रूत नाहीत. तिथे शब्दांचा क्रम जे काम करतो ते मराठीत यांनी केलंय. ‘लोटला’ दोनदा मुद्दाम. मुळातही वारा आणि सामान यांना एकच क्रियापद आहे, आणि 12व्या वचनात योनालाही तेच.

24 जून

13वं वचन. खलाशी वल्ही मारतात, ‘वेलो याखोलू’. नकाराचा ‘लो’ मध्ये आला की वाव त्याला चिकटतो आणि साखळी तुटते. पण ही तूट नाइलाजाची आहे. घड्याळ मागे जात नाही, कॅमेरा फिरत नाही, गोष्ट सरळ पुढेच चालली आहे. प्रत्येक तुटीत अर्थ शोधायचा नाही, ही आजची ठेच. मराठीत: “खलाशी वल्ही मारत राहिले, पण जहाज काही किनाऱ्याला लागेना.” ‘लागेना’साठी विचार करावा लागला नाही.

दुसऱ्या अध्यायातली प्रार्थना कविता आहे. तिथे काळ वेगळ्याच रीतीने वागतात. ती आता बाजूला.

27 जून

उलट बाजूही एकदा बघून घ्यावी म्हणून रूथच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाकडे गेले. कातल रूपाला साधा वाव चिकटला की ‘वेकातल’ होतं, आणि ते पुढच्या गोष्टी सांगतं. नामी सुनेला सांगते: ‘वेराहत्स्त, वासाख्त…, वेयारद्त हागोरेन’. हातात फक्त कातल असेल तर वाचाल: तू न्हालीस, तेल लावलंस, खळ्यावर उतरलीस. पण सूनबाई अजून घरातच आहे.

इथे मराठी सासूला विचारायचं. ती अशा वेळी काय म्हणते? “न्हायचं, अंगाला तेल लावायचं, चांगले कपडे घालायचे आणि खाली खळ्यावर जायचं.” क्रमाने करायच्या कामांची ही ‘-आयचं’ मालिका वेकातलला चपखल बसते. दोन-तीन वचनांनंतर निवेदक तेच सांगतो: ‘वात्तेरेद हागोरेन’, ती खळ्यावर उतरली. सूचना वेकातलमध्ये, अंमलबजावणी वय्यिक्तोलमध्ये, धातू एकच. दोन्ही साखळ्या शेजारी-शेजारी बघायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

1 जुलै

चौथा अध्याय, पाचवं वचन. सगळे इथे अडतात. चाळीस दिवसांची मुदत दिलेल्या निनवे नगराला देवाने माफ केलं, योना रागावला, देवाशी बोलला, आणि मग: ‘वय्येत्से योना’, योना नगराबाहेर पडला, पूर्वेला मांडव घालून बसला, नगराचं काय होतं ते बघायला. पण जे व्हायचं ते तर आधीच ठरून गेलंय. मध्ययुगीन भाष्यकार इब्न एझ्रा म्हणतो की हे मागचं सांगितलं आहे, चाळीस दिवस भरायच्या आधीचं. म्हणजे ‘पडला होता’.

काका इब्न एझ्राच्या बाजूचे. “नाहीतर बसलाय कशाला उन्हात?”

माझी अडचण पहिल्या अध्यायातली. घड्याळ मागे न्यायचं तेव्हा याच निवेदकाने साखळी तोडली होती, ‘वेयोना याराद’. इथेही ‘वेयोना यात्सा’ म्हणणं त्याला सहज शक्य होतं. त्याने ते केलं नाही. रागावलेला माणूस अजूनही आशा धरून बसलाय, असंही असू शकतं. योनाचा स्वभाव पाहता मला तेच जास्त पटतं.

‘पडला होता’ लिहिलं तर काकांची बाजू घेतली. ‘मग बाहेर पडला’ लिहिलं तर माझी. दोन्ही खोडलं. “योना नगराबाहेर पडला आणि नगराच्या पूर्वेला जाऊन बसला.” काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हां, बरोबर, आधीच पडला होता तो. मी काही बोलले नाही. फाइल जतन केली.